एम.एस्सी. नर्सिंगसाठी राजीनामा देतेय, पत्राचा मसुदा कोणी पाहून द्याल का?

दारव्हा_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालंय. यंदा एम.एस्सी.ची सीईटी दिली, मेडिकल सर्जिकल घ्यायचं आहे आणि नागपुरात नंबर लागेल अशी आशा आहे. नोकरी सोडायचं घरी ठरलंय, आता पत्र द्यायचं राहिलंय.

थोडी माहिती देते. रुजू झाले १ ऑगस्ट २०२४ ला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली १२ सप्टेंबर २०२४ ला. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिली आहे. रुजू होताना १०० रुपयांच्या स्टॅम्पवर दोन वर्षांचा बाँड घेतला, आधी सोडलं तर ५०,००० रुपये. पदवी आणि नोंदणीची मूळ प्रमाणपत्रं तेव्हापासून ऑफिसच्या कपाटात आहेत. मी आपत्कालीन कक्षात असते आणि फेब्रुवारीपासून तिथला चार्ज माझ्याकडे आहे.

मसुदा असा केलाय:

> दि. ५ ऑगस्ट २०२५
> प्रति, मा. सचिव साहेब
> विषय: राजीनामा मंजूर करणेबाबत.
> महोदय, मी आपल्या रुग्णालयात गेल्या एक वर्षापासून काम करीत आहे. मला पुढील शिक्षण घ्यावयाचे असल्याने नोकरी करणे शक्य होणार नाही. तसेच कर्मचारी कमी असल्याने वारंवार डबल ड्युटी करावी लागते व आठवडी सुटी मिळत नाही, याबाबत तोंडी सांगूनही दखल घेतली गेली नाही. तरी शक्य झाल्यास माझा राजीनामा मंजूर करून ४ सप्टेंबरपासून मला सोडण्यात यावे व माझी प्रमाणपत्रे परत मिळावीत ही नम्र विनंती.

काही चुकत असेल तर सांगा. परवा द्यायचा विचार आहे.

भंडारा_अधिपरिचारिका

अगं राजीनामा कशाला देतेस? अध्ययन रजेचा अर्ज कर. आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या दोघी तशाच गेल्या, नोकरी शाबूत राहिली आणि शिक्षणही झालं. सिव्हिल सर्जनमार्फत उपसंचालकांकडे प्रस्ताव जातो. एवढी मिळालेली नोकरी सोडू नकोस.

दारव्हा_सिस्टर

ताई, माझी नोकरी शासनाची नाही, ट्रस्टची आहे. आमच्याकडे अध्ययन रजा हा प्रकारच नाही.

भंडारा_अधिपरिचारिका

अरे हो, पोस्ट नीट वाचली नाही मी. ते फक्त परिवीक्षा संपलेल्या कायम लोकांसाठी आहे. एनएचएमच्या कंत्राटी मुलींनाही ते लागू नाही, म्हणजे इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनी उगाच आशा धरू नये.

निवृत्त_मेट्रन_अमरावती

बाळ, हे पत्र परवा देऊ नकोस. भाषा नंतर सुधारू, आधी तारीख बघ.

एम.एस्सी.ला बी.एस्सी. झाल्यावर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. तू धरलंस १ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, म्हणजे वर्षाच्या वर महिना झाला असं तुला वाटतंय. पण कागदपत्रं तपासणारा माणूस आधी तुझं कौन्सिलचं प्रमाणपत्र हातात घेतो आणि त्याच्या शेजारी अनुभवाचं पत्र ठेवतो. नोंदणी नसताना केलेलं काम रजिस्टर्ड नर्सचं काम म्हणून धरायला तो तयार होत नाही. मी नोकरीत असताना आमच्या मुलींचे अर्ज याच कारणाने परत आलेले पाहिले आहेत.

नोंदणीपासून मोजलं तर तुझं वर्ष ११ सप्टेंबर २०२५ ला पूर्ण होतं. तू ४ ला सुटलीस तर पूर्ण आठवडा कमी पडतो. आणि एकदा कार्यमुक्तीचा आदेश निघाला की तो आठवडा कुठूनही भरून काढता येत नाही.

म्हणून पत्र १८ ऑगस्टला, सोमवारी दे. पत्राचा दिवस सोडून १९ पासून तीस दिवस मोज, तेरा दिवस ऑगस्टचे आणि सतरा सप्टेंबरचे. शेवटचा दिवस १७ सप्टेंबर येतो. वर्ष पूर्ण होऊन वर थोडे दिवस हातात राहतात. ते राहू दे, कारण वर्षभरात तुझी बिनपगारी रजा लागली असेल तर कोणी तीही वजा करायला बसेल. लागली आहे का?

दारव्हा_सिस्टर

मॅडम, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बिनपगारी रजा एकदाच लागली, एप्रिलमध्ये बहिणीच्या लग्नाच्या वेळी, तीन दिवस. बाकी सगळ्या हक्काच्या होत्या.

वरुडचा_भौ

मॅडमचं तारखेचं बरोबर हाय. पण मी म्हणतो बाई, तू एवढी घाबरून काहून राहिली? बाँड-फिंड काही नसते. कोर्टात त्याले किंमत नाही. माह्या साळ्याने खाजगी कंपनीत असाच बाँड फाडून दिला, कोणी काही वाकडं केलं नाही. नोटीसही देऊ नको, १७ तारखेले सकाळी चिठ्ठी दे अन् संध्याकाळी गाडीत बस.

लेखापाल_वर्धा

भाऊ, राग मानू नका, पण अर्धंच बरोबर आहे. मी एका खाजगी रुग्णालयात कार्यालय सांभाळतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो.

बाँडला किंमत नाही असं सरसकट नाही. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची वरची मर्यादा असते. म्हणजे ५०,००० लिहिले म्हणून ५०,००० आपोआप मिळत नाहीत, पण शून्य होतात असंही नाही. याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तिथे भरतीचा मोठा खर्च, परीक्षा, जाहिरात हे सगळं बँकेने मांडलं होतं. तालुक्याच्या दवाखान्याने एका सिस्टरवर काय खर्च केला, हे त्यांना तसंच मांडावं लागेल. काही प्रशिक्षणाला पाठवलं होतं का तुम्हाला, दवाखान्याच्या पैशाने?

नोटीस न देता जाणं तर अजिबात नको. तसं गेलं की आम्ही कार्यालयवाले काय करतो ते सांगतो. हजेरीपटावर गैरहजर लागते, मग ‘कामावर हजर व्हा’ अशी पत्रं जातात, आणि शेवटी अनुभवाच्या प्रमाणपत्रात ‘विनापरवानगी सेवा सोडली’ असं येतं. किंवा प्रमाणपत्रच निघत नाही. कंपनीतल्या माणसाला ते चालून जातं. या ताईंचा अख्खा प्रवेश त्या एका कागदावर आहे.

वरुडचा_भौ

बरं बाप्पा, अनुभवाच्या कागदाचं पटलं. पण सर्टिफिकेट कपाटात डांबून ठेवणं तरी बरोबर हाय का?

लेखापाल_वर्धा

नाही. ते मी माझ्याच लोकांनाही सांगत आलोय. पडताळणीसाठी मूळ कागद बघायचे, झेरॉक्सवर ‘मूळ पाहिले’ अशी सही करायची आणि परत द्यायचे. पदवी ही त्या मुलीची मालमत्ता आहे, ती तारण म्हणून ठेवता येत नाही. बाँडचे पैसे येणे असतील तर त्यासाठी दावा करावा, पदवी अडवून वसुली करू नये.

दारव्हा_सिस्टर

प्रशिक्षणाला दवाखान्याच्या पैशाने कुठेच गेले नाही दादा. बीएलएसचं प्रशिक्षण स्वतःच्या पैशाने नागपूरला जाऊन केलं.

लेखापाल_वर्धा

मग त्याची पावती जपून ठेवा. रकमेवर बोलणं झालं तर ती कामी येईल.

निवृत्त_मेट्रन_अमरावती

आता पत्राकडे वळू.

पहिली गोष्ट, ‘शक्य झाल्यास मंजूर करून’ हे काढ. असं लिहिलं की कार्यालय ‘सध्या शक्य नाही’ असा शेरा मारून मोकळं होतं आणि तुझी नोटीस सुरू झाली की नाही यावरच वाद पडतो. राजीनामा देते आणि अमुक तारीख माझा कामाचा शेवटचा दिवस असेल, एवढं सरळ लिहायचं. ‘४ सप्टेंबरपासून सोडावे’ हेही नको. ‘पासून’ म्हटलं की त्या दिवशी तू कामावर होतीस की नव्हतीस हे कळत नाही. पाळीसकट लिही.

दुसरं, ‘गेल्या एक वर्षापासून’ असं मोघम लिहू नकोस. रुजू तारीख, पद, कक्ष आणि कौन्सिलचा नोंदणी क्रमांक घाल. तुझं अनुभवाचं प्रमाणपत्र टाइप करणारा कारकून याच पत्रावरून टाइप करणार आहे. इथे जे लिहिशील तेच तिथे उतरतं.

तिसरं, डबल ड्युटीचा परिच्छेद. तुझं म्हणणं खरं आहे, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ते प्रत्येक दवाखान्यात खरं होतं. पण ती तक्रार वेगळ्या अर्जात दे, वेगळ्या तारखेला दे. राजीनाम्यात घातलीस तर सचिव ते पत्र वकिलाला दाखवतील आणि तुझी फाइल तिथेच अडकेल.

चौथं, पत्र सचिवांच्या नावाने थेट नको. ‘प्रति, वैद्यकीय अधीक्षक, मार्फत मेट्रन’ असं कर, सचिवांना प्रत दे. मेट्रनला डावलून कागद वर गेला की ती दुखावते, आणि तुझी ड्युटी लावणारी, चार्ज घेणारी, ना-देय दाखल्यावर सही करणारी तीच असते.

आणि पत्राच्या दोन प्रती ने. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही. आवक नोंदीची तारीख हीच नोटिशीची पहिली खूण. घेतलं नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठव आणि पावती जपून ठेव.

धानोरा_जीएनएम

मला पण विचारायचं आहे. मी जीएनएम करून गडचिरोली जिल्ह्यात नोकरी करते, पुढच्या वर्षी पोस्ट बेसिक करायचं आहे, मग एम.एस्सी. मला पोस्ट बेसिक झाल्यावर परत एक वर्ष नोकरी करावी लागेल का?

आणि पीएफचं कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. मी आधीची नोकरी सोडली तेव्हा त्या दवाखान्याने पीएफच्या संकेतस्थळावर माझी नोकरी सोडल्याची तारीख टाकलीच नाही. नवीन ठिकाणी खातं जोडताना अडकलं. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती तारीख आपली आपल्याला टाकता येते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. यूएएन आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा म्हणजे झालं. माझा नंबर बदललेला होता, त्यामुळे खूप हेलपाटे पडले.

निवृत्त_मेट्रन_अमरावती

पोस्ट बेसिकवाल्यांचं वेगळं आहे. एक वर्षाचा अनुभव पोस्ट बेसिकच्या आधीचा असला तरी चालतो, नंतरचा असला तरी चालतो. तुझी आत्ताची नोकरी उपयोगाची आहे. फक्त सोडताना तारखा घातलेलं प्रमाणपत्र घे, तेव्हाच घे. तीन वर्षांनी मागायला गेलीस तर तो कारकूनही तिथे नसतो.

लेखापाल_वर्धा

पत्रात ‘उच्च शिक्षणासाठी’ हे कारण लिहावं की नाही यावर माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्या मते नुसतं ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहावं. कारण प्रवेशाला मूळ कागद लागणार हे कार्यालयाला कळलं की बाँडच्या पैशासाठी नेमका तिथेच दाब येतो. मी हे होताना पाहिलंय.

निवृत्त_मेट्रन_अमरावती

दादा, तालुक्याच्या गावात हे लपतं का? सीईटीला गेली तेव्हाच तिच्या बदली ड्युटी करणारीने सगळ्यांना सांगितलं असेल. आणि कारण लिहिलं तर डॉक्टर मंडळी मधे पडतात. शिकायला जाणाऱ्या मुलीला अडवणं भूलतज्ज्ञालाही बरं वाटत नाही, सर्जनलाही नाही. ‘वैयक्तिक कारण’ लिहून गेली तर दुसऱ्या दवाखान्यात चालली असंच समजतील आणि जास्त अडवतील.

लेखापाल_वर्धा

तुमच्या अनुभवाला मी नाही म्हणत नाही मॅडम. माझ्या बाजूने मी पाहिलेलं तेही खरं आहे. ताईंनी आपली माणसं ओळखून ठरवावं.

दारव्हा_सिस्टर

आमच्याकडे मॅडम म्हणतात तसंच आहे, सगळ्यांना माहीत आहे. मी कारण लिहीन.

पण नवीन अडचण. कागदपत्रं पडताळणीची तारीख जर १७ सप्टेंबरच्या आधी आली, तर अनुभवाचं प्रमाणपत्र कुठून आणू? ते तर कार्यमुक्त झाल्यावर देतात.

निवृत्त_मेट्रन_अमरावती

त्यासाठी वेगळा अर्ज कर, राजीनाम्यात मिसळू नकोस. ‘सेवेत असल्याचा दाखला’ माग. ‘श्रीमती अमुक या अमुक तारखेपासून आजतागायत पूर्णवेळ स्टाफ नर्स म्हणून कार्यरत आहेत’, खाटांची संख्या आणि कक्ष यासह. सोबत उच्च शिक्षणासाठी ना हरकत पत्र माग. हे दोन्ही चालू कर्मचाऱ्याला देण्यात कोणाचं काही जात नाही. शेवटचं अनुभव प्रमाणपत्र मागाहून जोडता येईल का ते कॉलेजच्या विद्यार्थी विभागात विचारून घे.

लेखापाल_वर्धा

इथे एक पेच आहे तो लक्षात ठेवा. कॉलेजने १७ च्या आधीच हजर व्हा म्हटलं तर उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटता येतं, नेमणूकपत्रात तशी सोय बहुतेक असते. पण ११ सप्टेंबरच्या आधी सुटलात तर पैसे भरूनही अनुभवाचं वर्ष अपुरं राहतं. नोटीस विकत घेता येते, अनुभव नाही. एकाच वेळी नोकरीच्या हजेरीपटावर आणि पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या हजेरीत नाव असणं तर त्याहून वाईट, पुढे कधी पडताळणी झाली तर दोन्ही कागद खोटे ठरतात.

दारव्हा_सिस्टर

हो, हेच मनात होतं. माहितीपुस्तिका काढून बसले, पण वर्ष नेमकं कुठल्या तारखेपर्यंत पूर्ण असावं याची शंका राहिलीच. शनिवारी नागपूरला जाऊन लेखी विचारते.

दुसरं म्हणजे आज मेट्रन मॅडमना तोंडी कल्पना दिली. त्या एकच वाक्य बोलल्या, “फवारणीच्या दिवसांत चाललीस.” मला फार वाईट वाटलं, कारण त्यांचं चूक नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात आमचा कक्ष कसा असतो ते यवतमाळकडच्या लोकांना माहीत आहे. कपाशीवर फवारणी करताना विष चढलेली माणसं येतात, शिवाय साप. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात जे झालं त्यानंतर तर संध्याकाळी कोणाला बैलगाडीतून उतरवताना दिसलं तरी आम्ही अ‍ॅट्रोपिन काढून ठेवतो. माझ्या जागी येणारी मुलगी अजून नीट रुळलेली नाही. चार्ज कसा देऊ म्हणजे तिलाही सोपं जाईल आणि माझ्यावरही काही राहणार नाही?

निवृत्त_मेट्रन_अमरावती

हे विचारलंस ते फार बरं केलंस. पत्र बरोबर असूनही मुली अडकतात त्या चार्जमध्ये. शेवटच्या दिवशी संध्याकाळी किल्ल्या टेबलावर ठेवून निघतात, महिन्याने फोन येतो की लॅरिंगोस्कोपचं एक पातं नाही, ऑक्सिमीटरचा प्रोब नाही, शेवटच्या पगारातून कापलं.

चार्ज शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला द्यायला घे. ती मुलगी आणि तू दोघी कपाटासमोर उभ्या राहा, वहीत बघून वस्तू शोधू नका. वस्तू हातात घ्या आणि मग वहीत शोधा. उलटं केलं की डोळे पाहिजे तेच बघतात. प्रत्येक लॅरिंगोस्कोप उघडून दिवा लागतो का बघा, अंबू बॅग दाबून बघा, सक्शन लावून बघा. जी वस्तू वहीत आहे पण मोडलेली आहे, तिची वेगळी यादी करून त्यावर मेट्रनची सही घ्या. ‘मोडली म्हणून स्टोअरला दिली’ हे तोंडी सांगणं कोणी ऐकत नाही.

आता औषधं. मॉर्फिन आणि फेन्टानिलच्या कुलुपाच्या कपाटात तुमचा हिशोब रोज लिहिला जात असेल, तिथे घोळ कमी असतो. रिकामे अ‍ॅम्प्यूल मोजून, वहीची शिल्लक आणि कपाटातली शिल्लक जुळवून, दोघींच्या सह्या तारीख-वेळेसह. खरा घोळ असतो तो अ‍ॅट्रोपिनचा. एक अ‍ॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमचं. विषबाधेच्या पेशंटला सुरुवातीलाच तीन ते पाच अ‍ॅम्प्यूल जातात, छाती मोकळी होईना तर पाच-पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचं. अर्ध्या तासात ट्रे रिकामा होतो. त्या वेळी वहीत कोण लिहितं? पेशंट थोडा सावरला की यवतमाळच्या मेडिकलला रवाना होतो, केसपेपरही त्याच्याबरोबर जातो, आणि सकाळी शिल्लक जुळत नाही. असं दोन-तीनदा झालं की वहीत आणि ट्रेमध्ये शंभरचा फरक पडतो आणि तो चार्ज असलेल्या सिस्टरच्या नावावर चढतो.

तेव्हा तुझ्या काळातले सगळे रेफर केलेले पेशंट रेफरल वहीतून काढ, त्यांच्या चिठ्ठीच्या कार्बन प्रतीवर दिलेली मात्रा असते, त्यावरून खर्च जुळव आणि जे जुळणार नाही ते अधीक्षकांना लेखी कळव. लपवू नकोस. सर्पदंशाच्या लसीचंही तसंच, तिथे एका पेशंटला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या जातात. संख्येबरोबर बॅच आणि मुदत लिही. जवळची मुदत असलेल्या कुप्या पुढे ठेव आणि त्या मुलीला ते दाखव.

आणि त्या मुलीला रुळवायचं असेल तर तिला तुझ्याबरोबर रात्रपाळीत घे. चार दिवसपाळ्यांत ती जे शिकणार नाही ते फवारणीच्या हंगामातली एक रात्र शिकवते. तेवढं मेट्रनकडे मागून घे, म्हणजे त्यांनाही कळेल की तू टाकून चाललेली नाहीस.

धानोरा_जीएनएम

रेफरल वहीवरून जुळवायचं मला कधी सुचलंच नव्हतं. आमच्याकडे फरक पडला की सगळ्या मिळून वर्गणी काढून भरतात.

निवृत्त_मेट्रन_अमरावती

तसं अजिबात करू नका. वर्गणी भरली की औषध खरोखर पेशंटला गेलं याची नोंद कायमची बुडते आणि पुढच्या वर्षी मागणीही कमीच मंजूर होते. मग ऐन हंगामात ट्रे रिकामा.

दारव्हा_सिस्टर

शनिवारी जाऊन आले. कॉलेजात म्हणाले, सेवेत असल्याचा दाखला पडताळणीला चालेल, पण मूळ पदवी आणि मूळ नोंदणी दाखवावीच लागेल, आणि प्रवेश पक्का होताना कार्यमुक्तीचा आदेश लागेल. वर्ष नोंदणीपासूनच धरतात, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

तर आज, १८ ऑगस्टला, पत्र दिलं. आवक क्रमांकासह प्रत मिळाली. दिलं ते असं:

> दि. १८ ऑगस्ट २०२५
> प्रति, मा. वैद्यकीय अधीक्षक
> मार्फत: मेट्रन
> विषय: स्टाफ नर्स पदाचा राजीनामा.
>
> महोदय,
> मी दि. १ ऑगस्ट २०२४ पासून आपल्या रुग्णालयात स्टाफ नर्स या पदावर पूर्णवेळ कार्यरत असून सध्या आपत्कालीन कक्षाचा कार्यभार माझ्याकडे आहे. माझी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दि. १२ सप्टेंबर २०२४ रोजीची आहे (नोंदणी क्रमांक सोबत जोडलेल्या प्रतीवर).
>
> एम.एस्सी. नर्सिंग या पूर्णवेळ अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यासाठी मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीनुसार एक महिन्याची नोटीस देत असून दि. १७ सप्टेंबर २०२५ ची दिवसपाळी ही माझी शेवटची पाळी राहील. त्या दिवशी कामकाजानंतर मला कार्यमुक्त करावे.
>
> कक्षातील औषधे, उपकरणे व नोंदवह्या यांचा कार्यभार आपण नेमून द्याल त्या परिचारिकेकडे दि. ११ सप्टेंबरपासून यादीसह सोपवीन. त्यांना नोटिशीच्या काळात माझ्यासोबत रात्रपाळी द्यावी, अशी विनंती आहे.
>
> माझी मूळ पदवी व मूळ नोंदणी प्रमाणपत्र कार्यालयात जमा आहेत. प्रवेशाच्या पडताळणीसाठी ती आवश्यक असल्याने दि. २५ ऑगस्टपर्यंत परत मिळावीत. कार्यमुक्तीच्या दिवशी कार्यमुक्ती आदेश, अनुभव प्रमाणपत्र व ना-देय दाखला मिळावा.
>
> या रुग्णालयात मला आपत्कालीन कक्षाचे काम प्रत्यक्ष शिकायला मिळाले, त्याबद्दल मी आपणा सर्वांची आभारी आहे.
>
> आपली विश्वासू,
> प्रत: मा. सचिव

सेवेत असल्याचा दाखला आणि ना हरकत यांचा अर्ज वेगळा दिला. मेट्रन मॅडमनी रात्रपाळीचं लगेच मान्य केलं. बाँडचा मी पत्रात उल्लेख केला नाही. सचिव म्हणाले, कागद घेऊन जा पण ५०,००० चं बघावं लागेल.

वरुडचा_भौ

पत्र एक नंबर झालं. पैशाचं मात्र कबूल करू नको बाई.

लेखापाल_वर्धा

पत्र चांगलं आहे. बाँडचा उल्लेख केला नाही हेही ठीक, आपण होऊन रक्कम मान्य केल्यासारखं होत नाही. सचिवांनी तोंडी म्हटलंय ते लेखी येऊ द्या. लेखी आलं की खर्चाचा तपशील लेखी मागा आणि बीएलएसची पावती जोडा. माझा अंदाज आहे की ते कमी रकमेवर येतील. किती, हे त्यांच्या वकिलावर आहे, मी सांगू शकत नाही. शेवटच्या पगारातून परस्पर कापायला मात्र लेखी संमती देऊ नका. ना-देय दाखल्यावर सही करताना खालची बारीक ओळ वाचा, तिथे ‘संस्थेचे सर्व येणे मला मान्य आहे’ असं छापलेलं असतं.

भंडारा_अधिपरिचारिका

माझ्या मते थोडे पैसे देऊन मोकळं व्हावं. दोन वर्षं शिकायचं आहे, डोक्याला ताप कशाला. सही केलेली आहे तिने, कोणी जबरदस्ती केली नव्हती.

धानोरा_जीएनएम

ताई, पहिल्या नोकरीत कागद समोर ठेवतात आणि बाहेर दुसऱ्या दहा मुली बसलेल्या असतात. त्याला मर्जी कसं म्हणायचं?

निवृत्त_मेट्रन_अमरावती

पैशाचं तू आणि तुझ्या घरचे ठरवा. मूळ कागद घेशील तेव्हा पोच देताना ‘मूळ पदवी व मूळ नोंदणी प्रमाणपत्र प्राप्त’ एवढंच लिही आणि पाकीट त्यांच्यासमोर उघड. पदवीच्या जागी झेरॉक्स निघाल्याचं मी पाहिलंय, मुद्दाम नव्हे, कपाटात कागद इकडचे तिकडे होतात. नोंदणीच्या प्रमाणपत्रावर नूतनीकरणाची तारीखही बघून घे.

आणखी एक, पोळा २२ तारखेला आहे. दवाखान्याचं ऑफिस त्या दिवशी अर्धंच असेल, म्हणून कागद घ्यायला २१ लाच जा.

दारव्हा_सिस्टर

हो मॅडम, २१ ला दुपारी पाळी संपल्यावर जाते. आज रात्री ती नवीन मुलगी माझ्यासोबत आहे.